किती फेऱ्या पुरे?

१९४२-४३ च्या हंगामात अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी एक नवी पद्धत वापरून पाहण्यात आली. वाशिम तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १९०५ साली तो अकोल्यात सामील झाला होता आणि पुन्हा वेगळा होण्यासाठी त्याला १ जुलै १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली. जुनी पद्धत आणेवारीची होती. पीक पाहून गावचा पटवारी ते किती आणे आहे हे ठरवी आणि त्यावरून सगळ्या जिल्ह्याचा आकडा तयार होई. डॉ. व्ही. जी. पानसे व डॉ. आर. जे. कलमकर यांनी वापरलेली नवी पद्धत अगदी वेगळी होती. गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडायची, गावातली शेते तशीच निवडायची, शेतात एक तुकडा आखायचा आणि त्या तुकड्यातला कापूस प्रत्यक्ष वेचून तोलायचा. कापसाची वेचणी एका दिवसात होत नाही. त्यामुळे शेवटची वेचणी होईपर्यंत तो तुकडा राखून ठेवावा लागे. एकेक तुकडा महाग पडत असल्याने असे तुकडे किती घ्यायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला.

हा प्रश्न शेतापुरता नाही. जिथे उत्तर यदृच्छेच्या आधाराने काढायचे तिथे तो येतोच, मग चिठ्ठ्या असोत, फासे असोत की संगणकाने लाखो वेळा केलेला सिम्युलेशनचा, म्हणजे अनुकरणाचा, खेळ असो. फेऱ्या थोड्या घेतल्या तर उत्तर डळमळते आणि जास्त घेतल्या तर वेळ व पैसा वाया जातो. नेमक्या किती घ्याव्यात याचा हिशेब करता येतो, हे मात्र माणसाला बऱ्याच उशिरा कळले.

उशीर किती झाला ते बुफाँच्या सुईच्या प्रयोगावरून दिसते. कागदावर सारख्या अंतरावर समांतर रेघा आखून त्यावर सुई टाकायची. ती रेघेवर पडण्याची संभाव्यता सुईची लांबी, रेघांमधले अंतर आणि पाय (π) यांवरून ठरते, असे बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ साली प्रसिद्ध केले. सूत्र उलटे वापरले की सुई रेघेवर किती वेळा पडली यावरून पायची किंमत काढता येते. १८५० च्या सुमारास झुरिकच्या वोल्फ यांनी ३६ मिलिमीटरची सुई ४५ मिलिमीटर अंतराच्या रेघांवर ५,००० वेळा टाकली. ती २,५३२ वेळा रेघेवर पडली आणि पायची किंमत ३.१५९६ आली. खऱ्या किमतीहून ती ०.०१८ ने जास्त आहे.

१९०१ साली इटलीतील लाझ्झारिनी यांनी ३,४०८ वेळा सुई टाकून १,८०८ वेळा ती रेघेवर पडल्याचे जाहीर केले. त्यांच्या सुईची लांबी रेघांमधल्या अंतराच्या पाच षष्ठांश होती. पायची किंमत आली ३.१४१५९२९, म्हणजे सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर! वोल्फ यांच्यापेक्षा कमी वेळा सुई टाकून कितीतरी पट चांगले उत्तर मिळाले. अनेक पुस्तकांनी हा आकडा कौतुकाने छापला आहे, आणि वर्गात तो सांगणारे शिक्षकही मी पाहिले आहेत.

आता हिशेब करू. प्रत्येक वेळी सुई रेघेवर पडते किंवा पडत नाही. अशा ३,४०८ प्रयोगांत रेघेवर पडण्याची अपेक्षित संख्या १,८०८ आहे खरी, पण ती नुसत्या योगायोगाने २९ च्या आसपास मागेपुढे होणे हा यदृच्छेचा स्वभावच आहे. त्या २९ ला प्रमाण विचलन म्हणतात. पायच्या किमतीत याचा अर्थ सुमारे ०.०५ ची चूक. म्हणजे वोल्फ यांची ०.०१८ ची चूक अगदी रास्त होती. लाझ्झारिनी यांची चूक आहे ०.००००००३. इतकी अचूकता शंभरात ९५ वेळा मिळावी अशी अपेक्षा असेल, तर त्याच सुईने सुमारे ३७० लाख कोटी वेळा टाकावे लागेल. पाच सेकंदांत एकदा टाकली तर जवळजवळ सहा कोटी वर्षे.

मग ३,४०८ वेळांत हे कसे जमले? ३,४०८ म्हणजे २१३ च्या सोळा पटी आणि १,८०८ म्हणजे ११३ च्या सोळा पटी. सुईच्या त्या लांबीला २१३ पैकी ११३ वेळा रेघेवर पडली की उत्तर थेट ३५५/११३ येते, आणि पायसाठी हा अपूर्णांक फार जुना व प्रसिद्ध आहे. २१३ वेळा टाकून पाहायचे, जुळले नाही तर आणखी २१३, असे करत नेमके जुळेल त्या ठिकाणी थांबायचे. लाझ्झारिनी यांनी हेच केले की आकडेच रचले, ते आज सांगता येणार नाही. पण ओळखण्याची खूण साधी आहे. एक पडणे कमी किंवा जास्त झाले असते तर उत्तर ०.००१७ ने सरकले असते. म्हणजे जी अचूकता सांगितली जाते ती प्रयोगाच्या एका पायरीपेक्षा हजारो पटींनी बारीक आहे. फेऱ्या कुठे थांबवायच्या हे उत्तराकडे पाहून ठरवले, की त्या उत्तराची किंमत शून्य होते.

थांबण्याचा नियम उत्तरावरून नाही तर कशावरून ठरवायचा? याचे उत्तर आले उत्तरांच्या विखुरण्यावरून, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे. १९३४ साली येर्झी नेमन यांनी नमुना-पाहणीवर एक मोठा निबंध वाचला. नमुन्यावरून काढलेल्या अंदाजाभोवती एक पट्टा कसा आखावा, याची कल्पना त्यात होती. तिची पूर्ण उपपत्ती त्यांनी १९३७ मध्ये मांडली. या पट्ट्याला आपण विश्वास-अंतराल म्हणू. ९५ टक्के विश्वास-अंतराल याचा अर्थ 'खरे उत्तर या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के' असा बरेचजण करतात, पण नेमन यांचा अर्थ वेगळा होता. सगळा प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर दर वेळी पट्टा निराळा येईल, आणि अशा शंभर पट्ट्यांपैकी सुमारे ९५ पट्टे खऱ्या उत्तराला कवेत घेतील. हमी पद्धतीची आहे, हाती आलेल्या एका पट्ट्याची नाही.

त्याच निबंधात नेमन यांनी दाखवले, की कोणत्या विभागातून किती नमुने घ्यावेत हे त्या विभागाचा आकार आणि तिथली विषमता यांवर अवलंबून असते. पण विषमता आधी कुठे ठाऊक असते? ती मोजण्यासाठीच तर पाहणी करायची! सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा लंडनला नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्याकडे संशोधन करत होते. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी हाच प्रश्न घेतला. आधी एक लहान चाचणी-नमुना घ्यायचा, त्यावरून विषमतेचा अंदाज करायचा आणि मग मुख्य नमुना ठरवायचा. चाचणी-नमुन्यावरून काढलेली विषमता स्वतःच अंदाजी असते, तरीही नेमन यांच्या पद्धतीचा बराचसा फायदा हाती लागतो, असे त्यांनी दाखवले. पुढे सुखात्मे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले आणि पीक-कापणीच्या पाहण्या देशभर पसरल्या.

शेतातला हा विचार यंत्रात जायला फार वर्षे लागली नाहीत. १९४६ साली आजारातून उठत असलेला स्टॅनिस्लाव उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसला होता. डाव सुटण्याची संभाव्यता गणिताने काढणे जमेना, तेव्हा शंभर डाव खेळून मोजावेत असे त्याला सुचले. हीच कल्पना न्यूट्रॉनांना लावावी म्हणून जॉन फॉन नॉयमन यांनी मार्च १९४७ मध्ये एक पत्र लिहून आराखडा दिला. १०० न्यूट्रॉन घ्यायचे, प्रत्येकाच्या १०० टकरी यंत्राने खेळवायच्या, आणि एनिॲक या संगणकाला त्यासाठी सुमारे पाच तास लागतील. शंभर न्यूट्रॉनांवरून एखादे प्रमाण काढले तर पट्टा दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंत रुंद असतो. या पद्धतीला पुढे माँटे कार्लो असे नाव पडले, पण 'किती फेऱ्या' हा तिचा प्रश्न अकोल्याच्या शेतातल्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे.

आता हा हिशेब आपल्याच भागातल्या एका उदाहरणावर करून पाहू. वाशिमच्या कोरडवाहू सोयाबीनला आणि तुरीला पावसातल्या खंडाची भीती असते. जुलै ते सप्टेंबरच्या ९२ दिवसांत सर्वांत लांब खंड सरासरी किती दिवसांचा असेल? खेळ असा मांडू. पिशवीत ० ते ९ अंकांच्या दहा चिठ्ठ्या ठेवा. काल पाऊस झाला असेल तर ० ते ५ आल्यास आजही पाऊस, नाहीतर कोरडा दिवस. काल कोरडे असेल तर ० ते ६ आल्यास आजही कोरडे, नाहीतर पाऊस. चिठ्ठी दर वेळी परत पिशवीत टाकायची. ३० जूनला पाऊस झाला असे धरून ९२ चिठ्ठ्या काढल्या की एक हंगाम झाला, आणि त्यातला सर्वांत लांब कोरडा खंड वहीत लिहायचा. नियमातले अंक मी समजण्यासाठी घेतले आहेत. खऱ्या कामात ते तालुक्याच्या पर्जन्यनोंदींवरून काढावे लागतील.

समजा, चाचणी म्हणून असे ५० हंगाम खेळले. सर्वांत लांब खंडाची सरासरी ९.८ दिवस आणि प्रमाण विचलन ३.६ दिवस आले. आपल्याला सरासरी पाव दिवसाच्या आत हवी आहे, म्हणजे पट्टा दोन्ही बाजूंना ०.२५ दिवस. प्रमाण विचलनाला s, पट्ट्याच्या निम्म्या रुंदीला h आणि फेऱ्यांना n म्हटले तर

n = (1.96 × s / h)²

यात आकडे घातले की ७९७ हंगाम येतात. १.९६ हा आकडा ९५ टक्क्यांच्या अटीतून येतो. सूत्रातला वर्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पट्टा निम्मा करायचा तर फेऱ्या दुप्पट करून भागत नाही, चौपट कराव्या लागतात. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दोन हंगाम खेळले तर ८० हंगामांतून पट्टा ०.८ दिवसाचा मिळेल. एका तासिकेत हाताने इतके झाले तरी खूप. पाव दिवसासाठी संगणकच हवा.

पण ७९७ हा आकडा तसाच घ्यायचा नाही. ३.६ हे विचलन ५० हंगामांवरून काढले आहे आणि ते स्वतः दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. n मध्ये त्याचा वर्ग येतो, म्हणून फेऱ्यांचा आकडा वीस टक्क्यांनी हलू शकतो. चाचणी फक्त १० हंगामांची असती तर तो जवळजवळ निम्म्याने चुकू शकला असता. याच अडचणीसाठी डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली टी-कोष्टक दिले होते. त्याची पडताळणीही त्यांनी अनुकरणानेच केली. ३,००० गुन्हेगारांची मापे कार्डांवर लिहून, कार्डे पिसून, चार-चारांचे ७५० नमुने काढले. १९४५ मध्ये चार्ल्स स्टाइन यांनी हे कोष्टक आपल्या प्रश्नाला जोडले. चाचणीतले विचलन वापरा, १.९६ ऐवजी चाचणीच्या आकाराला शोभणारा टी-आकडा घ्या, आलेल्या n इतक्या फेऱ्या पूर्ण करा, आणि चाचणीच्या फेऱ्याही त्यात धरून सरासरी काढा. मोजमापे सर्वसामान्य वितरणाची असतील तर ९५ टक्क्यांची हमी तंतोतंत टिकते. ५० फेऱ्यांच्या चाचणीसाठी टी-आकडा २.०१ आहे, म्हणून आपल्याला ८३८ हंगाम लागतील. त्यांतले ५० झाले आहेत, राहिले ७८८. सर्वांत लांब खंडाचे वितरण उजवीकडे थोडे लांबलेले असते, पण आठशेवर हंगामांच्या सरासरीला त्याने फारसा फरक पडत नाही.

आळशी मार्ग असा असतो: चाचणी नको, फेऱ्या घेत जायचे, दर फेरीनंतर पट्टा मोजायचा आणि तो पुरेसा अरुंद झाला की थांबायचे. लाझ्झारिनींसारखी यात लबाडी नाही, कारण आपण उत्तराकडे नाही, पट्ट्याकडे पाहतो. तरीही फसगत होते. सुरुवातीच्या काही फेऱ्या योगायोगाने एकसारख्या आल्या तर विचलन खोटेच लहान दिसते आणि आपण नेमके तेव्हाच थांबतो. समजा, प्रश्न असा आहे की वीस दिवसांहून लांब खंड किती हंगामांत येतो, आणि खरे प्रमाण शंभरात दीड आहे. पहिल्या पाच हंगामांत एकही असा खंड न येण्याची शक्यता ९३ टक्के आहे. तेव्हा विचलन शून्य, पट्टा शून्य, आणि संगणक समाधानाने 'असे कधीच होत नाही' असे सांगून थांबेल! १९६५ मध्ये चाऊ आणि रॉबिन्स यांनी सिद्ध केले, की हवी ती रुंदी जसजशी लहान घ्यावी तसतशी या पद्धतीची हमी ९५ टक्क्यांकडे जाते. मर्यादित फेऱ्यांत ती कमीच पडू शकते. म्हणून असे करायचेच असेल तर आधी निदान पन्नास-शंभर फेऱ्या होईपर्यंत थांबायचे नाही, असा नियम हवा.

दुर्मीळ घटनेत चाचणीही फसवते. शंभरात दीडच्या हिशेबाने ५० हंगामांच्या चाचणीत जवळजवळ निम्म्या वेळा एकही लांब खंड सापडणार नाही. तेव्हा सूत्रात शून्य घालायचे नाही. ५० पैकी शून्य याचा अर्थ इतकाच, की प्रमाण बहुधा ३/५० म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त नाही. शंभरात दीडचे प्रमाण त्याच्या दहा टक्क्यांच्या आत हवे असेल तर सुमारे २५,२०० हंगाम लागतील. याउलट दहा दिवसांचा खंड चाचणीत ५० पैकी २२ हंगामांत आला असेल, तर त्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत मिळवायला सुमारे १,०५० हंगाम पुरतात, आणि प्रमाण काहीही असले तरी १,०६८ हून जास्त लागत नाहीत.

आपली हमी खरी आहे की नाही हे तपासता येते का? येते, आणि वर्गात करण्यासारखेही आहे. ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा प्रश्न घ्यायचा, सुईचाच घ्या. संगणकावर सगळी पद्धत, चाचणीपासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत, वेगवेगळ्या यादृच्छिक अंकांनी हजार वेळा चालवायची आणि किती पट्ट्यांनी ३.१४१६ ला कवेत घेतले ते मोजायचे. ९५० च्या आसपास आले तर पद्धत ठीक. ८८०–९०० आले तर थांबण्याच्या नियमात कुठेतरी गळती आहे.

फेरी म्हणजे काय, इथेही घोटाळा होतो. आपल्या ५० हंगामांत ४,६०० दिवस आहेत, पण त्या ४,६०० फेऱ्या नव्हेत. आजचा दिवस कालच्यावर अवलंबून आहे, आणि एका हंगामातून सर्वांत लांब खंड एकच निघतो. पाहणीतही असेच असते. एकाच गावातली शेते एकमेकांसारखी असतात, जमीन तीच, पाऊस तोच. म्हणून कृषी संशोधन परिषदेच्या पद्धतीत प्रत्येक गावात दोनच शेते आणि प्रत्येक शेतात एकच तुकडा घेऊन गावांची संख्या वाढवण्यावर भर दिला गेला. एका गावात वीस तुकडे घेतले असते तर तोलायचा कापूस वाढला असता, पण पट्टा तितका अरुंद झाला नसता.

फेऱ्या वाढवून न जाणारी चूकही याच पाहण्यांनी दाखवून दिली. १९४६ साली सुखात्मे यांनी प्रसिद्ध केले, की फार लहान तुकडे घेतले तर उत्पन्न सातत्याने जास्त येते. तुकड्याच्या कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याच्या हातात असतो, आणि हात नकळत रोपे आत ओढतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते. या अभिनतीवरून सुखात्मे आणि लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. असे हजारो तुकडे कापले तरी पट्टा फक्त चुकीच्या आकड्याभोवती अरुंद होत जातो. आपल्या खंडाच्या खेळातही तसेच आहे. '० ते ६ आल्यास कोरडे' हा नियम जर तालुक्याच्या नोंदींशी जुळत नसेल, तर ८३८ हंगामांनी आपल्याला पिशवीतल्या चिठ्ठ्यांचा स्वभाव पाव दिवसाच्या अचूकतेने कळेल, वाशिमच्या पावसाचा नाही. त्यासाठी पर्जन्यमापकाची वही उघडून कोरड्या दिवसानंतर किती वेळा कोरडाच दिवस आला, हे मोजत बसावे लागते. शिवाय ती वही तीस वर्षांची असेल, तर त्या मोजणीवर जो पट्टा पडतो तो संगणकावरच्या फेऱ्या कितीही वाढवल्या तरी अरुंद होत नाही.